बोअरची मोटर वॉरंटीत जळाली, डीलरला पत्र लिहायचंय. मसुदा बघून सांगाल का?

रांगडा_कांदा (मुलुंड)

नमस्कार मंडळी. मी मुलुंडला राहतो, आईवडील गावी सिन्नर तालुक्यात. १४ जानेवारीला अण्णांसाठी (माझे वडील) नागदेवी स्ट्रीटच्या एका डीलरकडून ५ एचपीचा थ्री फेज सबमर्सिबल सेट घेतला होता, तालुक्यापेक्षा इथे बराच स्वस्त पडला म्हणून. बिल पक्कं आहे, अण्णांच्या नावावर. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आहे, बिलाच्या तारखेपासून १२ महिने.

१९ ऑक्टोबरच्या रात्री लाईट आली, मोटर चालू झाली, दहा-पंधरा मिनिटांत स्टार्टर पडला. अण्णांनी परत दाबला तर परत पडला. सकाळी घोडी आणि चैन कप्पी लावून मोटर वर काढली. गावातला वायरमन म्हणाला जळाली. डीलरला फोन केला तर तो म्हणतो "जळालेली मोटर वॉरंटीत बसत नाही, तुमच्याकडे व्होल्टेजचा प्रॉब्लेम असणार". तालुक्याचं सर्व्हिस सेंटर म्हणतं जिथून घेतली तिथे न्या. अण्णा म्हणाले तू शिकलेला आहेस, माझ्या नावाने एक कडक पत्र लिही. मी हे लिहिलंय:

"प्रति मॅनेजर साहेब. विषय: नवीन मोटर मिळणेबाबत. महोदय, मी आपल्या दुकानातून दि. १४ जानेवारी रोजी ५ एचपीची मोटर घेतली. आमच्याकडे विजेचा दाब कमीजास्त होत असतो, त्यातच दि. १९ ऑक्टोबर रोजी रात्री सदर मोटर जळून गेली. गॅरंटी एक वर्षाची असल्याने आपण त्वरित नवीन मोटर द्यावी. माझा दोन एकर कांदा वाळत असून त्याची नुकसानभरपाई रु. ५०,००० द्यावी. अन्यथा कोर्टात खेचण्यात येईल. आपला, एक गरीब शेतकरी."

अजून कडक करू का? वायरमन म्हणतोय मोटर खोलून फोटो काढू, ते पण जोडू का?

मनोज_विरार

ड्राय रन झाली असणार. बोअरचं पाणी संपलं की मोटर कोरडी फिरते आणि जळते, नव्वद टक्के केसेस त्याच असतात. त्याला वॉरंटी कोणीच देत नाही. उगाच टपालाचा खर्च करू नका, रिवाइंड करून घ्या.

वाइंडरकाका

आधी एक काम करा, आत्ता उठून गावाला फोन लावा आणि त्या वायरमनला सांगा मोटरला पाना लावू नको. खोललेली मोटर कंपनी हातात घेत नाही, कार्डाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. खोलली की तुमची केस तिथेच संपली, मग पत्र कितीही कडक लिहा. फोन झाला की इथे कळवा, बाकीचं सावकाश लिहितो.

मी परळला आणि नंतर भांडुपला मिळून अठ्ठावीस वर्षं मोटर वाइंडिंगचं काम केलंय, त्यात सबमर्सिबल शेकड्याने आल्या असतील.

सेक्रेटरी_बोरिवली

आमच्या सोसायटीच्या बोअरची मोटर पण मागच्या मे महिन्यात गेली. फ्लशचं पाणी बंद, रोज दोन टँकर. कमिटीत भांडणं की वॉरंटी कोणाची, पंपवाल्याची का बोअर मारणाऱ्याची. शेवटी वर्गणी काढून नवीन बसवली. तुम्ही पण टँकरची सोय आधी बघा, पत्राला वेळ लागतो.

रांगडा_कांदा (मुलुंड)

काका, फोन केला. खोललेली नाही. वायरमन संध्याकाळी येणारच होता! अण्णांना सांगितलं मोटर पोत्यात गुंडाळून घरात ठेवा.

बोरिवलीकर, दोन एकर कांद्याला टँकर नाही हो परवडणार. शेजाऱ्यांच्या विहिरीवरून आठवड्यातून दोन पाळ्या मिळतायत, तोवर चाललंय.

मनोजभाऊ, पाणी संपलेलं नाही. यंदा पाऊस चांगला झाला. मोटर काढताना पाईप ओला कुठून लागला ते अण्णांनी पाहिलं, पाणी ७०-८० फुटांवर असेल आणि मोटर होती ३०० फुटांवर.

वाइंडरकाका

मग कोरडी चालल्याचा प्रश्नच येत नाही. आणि कोरडी चाललेली मोटर ओळखू येते, त्यात आधी पंपाचे इंपेलर वितळून चिकटतात आणि बुश खातात. तुमचा पंप हाताने फिरतो का बघायला सांगा, कपलिंगपाशी पान्याने हलकं फिरवून. मोकळा फिरत असेल तर तेही पत्रात कामाला येईल.

आता तुमच्या मसुद्याबद्दल. रागावू नका, पण हे पत्र डीलरला मिळालं तर तो ते फ्रेम करून ठेवेल. "विजेचा दाब कमीजास्त होत असतो, त्यातच मोटर जळली" हे वाक्य तुम्ही स्वतःच्या सहीने लिहून देताय. वॉरंटी असते बनवण्यातल्या दोषाला. कमी व्होल्टेज, एक फेज जाणं, कोरडी चालवणं, हे सगळं त्या कार्डात वगळलेलं असतं. डीलरला नाकारायला जे कारण हवं होतं ते तुम्हीच लिहून दिलंत. जळाली कशाने हे अजून कोणालाच माहीत नाही, तुम्हालाही नाही आणि त्या डीलरलाही नाही, मोटर कोणी उघडलेलीच नाही. म्हणून पत्रात कारण लिहायचं नाही, जे डोळ्यांनी बघितलं ते लिहायचं.

मला तीन गोष्टी हव्यात. पॅनलमध्ये काय काय आहे त्याचा फोटो. मोटरच्या पाटीचा फोटो, त्यावर अँपिअर किती लिहिलेत ते दिसेल असा. आणि केबल जॉइंटच्या खाली कापून फक्त मोटरच्या तीन वायरींचं रीडिंग.

झुंबर_आप्पा

काका बोलले ते जॉइंटचं लई महत्त्वाचं हाय. आमची मोटर दोन वर्सापूर्वी अशीच पडायची. स्टार्टरपासून तपासलं तर बॉडी शॉर्ट. वायरमननं सरळ जळाली म्हणून सांगितलं, आम्ही बी काढून वाइंडिंगला टाकली. वाइंडरनं जुनं वाइंडिंग तोडून नवीन भरलं, पैसे घेतले. मोटर सोडली, परत बॉडी शॉर्ट. मग कळलं की खाली जॉइंटमधी पाणी गेलतं, मोटर चांगलीच होती. चांगली मोटर आम्ही तोडून घेतली राव. अजून जीव जळतो. जॉइंट कापून मोटर निराळी तपासा मगच ती जळाली म्हणा.

मनोज_विरार

पत्रात लिहा ना सरळ की व्होल्टेज बरोबर ४१५ होतं. कोण बघायला येणार आहे सिन्नरला?

भांडुपची_स्वाती

मनोज, असं अजिबात करू नका. मी ग्राहक आयोगातल्या तक्रारींचं काम करते म्हणून सांगते. एक वाक्य खोटं निघालं की बाकीची नऊ खरी वाक्यंही कोणी धरत नाही. आणि पडताळणं अवघडही नाही, समोरचा फीडरची माहिती काढू शकतो. काका म्हणतात तेच बरोबर, माहीत नाही ते लिहू नका, माहीत आहे ते पुराव्यासकट लिहा.

रांगडा, त्या रात्रीचं व्होल्टेज कोणी बघितलं होतं का? बघितलं असेल तर जसं असेल तसं लिहा.

रांगडा_कांदा (मुलुंड)

मंडळी उशीर झाला, चुलतभाऊ माळेगाव एमआयडीसीत इलेक्ट्रिशियन आहे, त्याला रविवारशिवाय वेळ नव्हता. तो मेगर आणि मल्टिमीटर घेऊन गेला होता.

पॅनलमध्ये स्टार्टर, ओव्हरलोड रिले, सिंगल फेज प्रिव्हेंटर आणि व्होल्ट-अँपिअरचे मीटर. रिले ९.५ वर सेट. मोटरच्या पाटीवर पण ९.५ अँपिअर. ऑटो नाही, अण्णा स्वतः उठून चालू करतात (रात्रीच्या पाळीला रात्री साडेअकराला उठून गेले होते, वय ६८). कंडेन्सर लावून दोन फेजवर वगैरे कधी चालवलेली नाही.

पंप हाताने मोकळा फिरतो. जॉइंट कापून फक्त मोटर तपासली. मेगरने तिन्ही वायरी बॉडीला शून्य.

आणि एक गोष्ट मलाच माहीत नव्हती. अण्णा मोटर चालू केली की मीटर बघून पंपघराच्या भिंतीवर खडूने लिहितात! तारीख, व्होल्ट, अँपिअर. दर आठवड्याला एकदा तरी. जूनमध्ये ८.२ च्या आसपास, सप्टेंबरनंतर ८.८ ते ९. व्होल्ट ३८० ते ४००. १९ तारखेच्या रात्रीचं पण आहे, ३९० आणि ८.९. भावाने फोटो काढून आणलेत.

मनोज_विरार

तिन्ही वायरी शून्य म्हणजे तिन्ही फेज जळाल्या ना. तिन्ही जळाल्या म्हणजे ओव्हरलोड. शिवाय अँपिअर वाढत गेलेत बघा, ८.२ वरून ९. बिघाड आधीपासून होता.

वाइंडरकाका

अण्णांना माझा नमस्कार सांगा. ती भिंत पुसू देऊ नका, पावसापासून जपा.

मनोजराव, अर्धं बरोबर बोललात. ओव्हरलोडने जळाली तर तिन्ही फेज सारख्याच काळ्या पडतात, हे खरं. पण मेगर तिन्हीवर शून्य दाखवतो म्हणून तिन्ही जळाल्या असं होत नाही. तिन्ही वाइंडिंग आत एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे एकच फेज बॉडीला टेकली तरी मेगर कुठल्याही वायरीवर शून्यच सांगणार. कुठली गेली ते मेगर नाही सांगत, त्याला ओहम बघावे लागतात.

अँपिअर वाढले त्याचंही कारण साधं आहे. उन्हाळ्यात पाणी खोल, पंपाला उचलायला जास्त उंची, पाणी कमी पडतं आणि करंटही थोडा कमी. पावसानंतर पाणी वर येतं, तोच पंप जास्त पाणी फेकतो आणि करंट थोडा वाढतो. पाटीवर ९.५ आहे, ९ म्हणजे आतच आहे. पण डीलर इथे "पंपाची निवड चुकली" असं म्हणू शकतो, तेव्हा भिंतीवरचा ९ चा आकडा आणि पाटीचा ९.५ हे दोन्ही पत्रात शेजारी शेजारी यायला हवेत.

भावाला म्हणावं तीन रीडिंग घे, लाल-पिवळी, पिवळी-निळी, लाल-निळी. आधी मल्टिमीटरच्या दोन्ही पिना एकमेकांना लावून जेवढं दाखवेल ते वजा करायचं, नाहीतर एवढ्या लहान आकड्यात घोळ होतो.

रांगडा_कांदा (मुलुंड)

भाऊ परत जाऊन आला, बिचारा. लाल-पिवळी ३.६ ओहम. पिवळी-निळी २.९. लाल-निळी २.९. सगळे पिनांचं वजा करून.

मनोज_विरार

दोन रीडिंग कमी, म्हणजे दोन फेज गेल्या. दोन फेज जळणं म्हणजे सिंगल फेजिंग, हे मला पक्कं माहितीये.

वाइंडरकाका

परत अर्धं बरोबर. नीट बघा, कमी आलेल्या दोन्ही रीडिंगमध्ये निळी आहे. लाल-पिवळी जोडीत निळी नाही, तिथे आकडा पूर्ण आहे. म्हणजे बिघाड एकट्या निळीत आहे, तिचे काही वेढे आपसात चिकटलेत आणि ती बॉडीलाही टेकलीय. बाकी दोन शाबूत असाव्यात.

आतलं कनेक्शन स्टार असेल, म्हणजे तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक एका जागी जोडलेलं असेल, तर सिंगल फेजिंगमध्ये जी फेज गेली ती कोरी राहते आणि उरलेल्या दोन करपतात. इथे उलट दिसतंय, एक गेलीय आणि दोन चांगल्या. त्यामुळे सिंगल फेजिंग वाटत नाही. कमी व्होल्टेजही नाही, त्यात तिन्ही सारख्या भाजतात. एकाच जागी वेढे चिकटले आणि बाकीचं वाइंडिंग स्वच्छ, असं निघालं तर वायरीवरचं कोटिंग भरताना खरवडलं गेलं असण्याची शक्यता मोठी. तो बनवण्यातला दोष, आणि तो वॉरंटीत बसतो.

कॉइल_घाटकोपर

काकांच्या पुढे बोलायचं म्हणजे… पण "स्टार असेल तर" यावर सगळं अडलंय. आमचं दुकान आहे वाइंडिंगचं, वडिलांचं. डेल्टा असेल, म्हणजे तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात जोडलेली असतील, तर सिंगल फेजिंगमध्ये एकच वाइंडिंग जळतं, बाकी दोन वाचतात. डीलरचा माणूस बरोबर तेच बोलणार.

वाइंडरकाका

बरोबर बोललास. डेल्टा असेल तर माझं म्हणणं तेवढं पक्कं राहत नाही. मात्र डेल्टात एक वाइंडिंग बिघडलं तर तीन रीडिंगमध्ये एक जास्त खाली जातं आणि दोन थोडी, कारण तिथे उरलेली दोन वाइंडिंग दुसऱ्या वाटेने मोजली जातात. इथे दोन सारखी खाली आणि एक पूर्ण आलंय, हे स्टारकडे झुकतं. तरीपण मल्टिमीटरच्या जोरावर मी शपथ घेणार नाही. शिवाय प्रिव्हेंटर बसवलेला आहे, तो चालू स्थितीत आहे का हे भावाने तिन्ही फ्यूज आळीपाळीने एकेक काढून बघावं. तिन्हीपैकी कुठलाही फ्यूज काढल्यावर स्टार्टर उचलला नाही तर प्रिव्हेंटर चांगला.

म्हणून म्हणतो मोटर उघडायची, पण सगळ्यांसमोर. पत्रात मागायची खरी गोष्ट ती आहे.

सेक्रेटरी_बोरिवली

इथे वाचल्यावर आमच्या कमिटीतल्या काकांना विचारलं, आमची मोटर काढणाऱ्याने खोलून आणली होती आणि आम्ही डीलरला एक ओळ पण लिहिली नव्हती. वॉरंटीत दोन महिने बाकी होते. वाईट वाटलं.

भांडुपची_स्वाती

आता पत्राकडे येऊ. "कोर्टात खेचू" काढून टाका. पहिलं पत्र असं असावं की उद्या आयोगासमोर ठेवलं तर वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे हा माणूस सरळ आहे आणि याने समोरच्याला पूर्ण संधी दिली. "गरीब शेतकरी" पण नको, अण्णांचं नाव आणि गट नंबर पुरे.

फक्त "नवीन मोटर द्या" असं मागू नका. कार्ड वाचा, बहुतेक कार्डांवर "दुरुस्त किंवा बदलून, कंपनीच्या मर्जीने" असं असतं. तुम्ही बदलूनच मागितली आणि त्यांनी फुकट वाइंडिंग देऊ केलं तर तुम्ही हट्टी ठरता. बदलून द्या अशी मागणी पुढे ठेवा, पण "वॉरंटीच्या अटींप्रमाणे" हे शब्द हवेत.

पिकाच्या नुकसानाचं या पत्रात एका ओळीत नोंदवा, रक्कम टाकू नका. कार्डात ते वगळलेलंच असणार. आयोगापुढे मागता येतं, पण तिथे ते सिद्ध करावं लागतं, पंचनामा, फोटो, पट्टी वगैरे. पहिल्या पत्रात ५० हजार बघून डीलर सरळ वकिलाकडे जाईल.

आणि नाकारायचं असेल तर लेखी कारण द्या, हे नक्की लिहा. फोनवरचं "बसत नाही" कुठेच दाखवता येत नाही.

झुंबर_आप्पा

ताई, शेतकरी ग्राहक धरत्यात का? आमच्याकडे एकजण म्हणत होता शेती म्हणजे धंदा, धंद्याला ग्राहक कोर्ट नाही.

भांडुपची_स्वाती

धरतात आप्पा. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः काम करून वापरलेली वस्तू व्यापारी वापर ठरत नाही, हे कायद्यातच आहे. बियाण्यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये शेतकऱ्याला ग्राहक मानलेलं आहे. आणि २०१९ च्या कायद्यात तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, त्यामुळे डीलर मुंबईचा असला तरी अण्णांना नाशिकच्या जिल्हा आयोगात जाता येईल, मुंबईला खेटे नकोत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत दोन वर्षं. पण ते सगळं नंतर, आधी १९१५ या हेल्पलाईनवर नोंद करता येते, कधी कधी कंपन्या तेवढ्यावरच हलतात.

आणि महत्त्वाचं, आयोग गरज पडली तर वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. त्यासाठी मोटर आहे तशी असायला हवी. न उघडलेली मोटर जपणं तिथेही कामाला येतं.

पोहे_विथ_लिंबू

पत्र मराठीत लिहून नागदेवीला चालेल का? तिथले बरेच व्यापारी गुजराती, मारवाडी.

कॉइल_घाटकोपर

चालतं हो, तिथल्या लोकांचं अर्धं गिऱ्हाईक नाशिक-पुणे-नगरचं आहे. कंपनीला जी कॉपी जाईल ती इंग्रजीत करा, सर्व्हिसचं ऑफिस राज्याबाहेर असू शकतं.

अजून एक, मोटर डीलरकडे ठेवताना पावती घ्याच. त्यावर मोटरचा सीरियल नंबर आणि पंपाचा सीरियल नंबर दोन्ही, दोघांचे नंबर वेगळे असतात. "न उघडलेल्या स्थितीत मिळाली" असं लिहून घ्या. बोल्टांवर रंगाचा ठिपका मारून फोटो काढा, कोणी मधेच खोलली तर रंग तुटतो. आमच्या दुकानात हे रोजचं आहे.

रांगडा_कांदा (मुलुंड)

सगळ्यांचं वाचून परत लिहिलं. प्रिव्हेंटरचीही टेस्ट केली, तिन्हीपैकी कुठलाही एक फ्यूज काढल्यावर स्टार्टर उचलत नाही. अण्णांना फोनवर वाचून दाखवलं, ते म्हणाले "यात शिवी एकपण नाही, पण बरं आहे".

"प्रति व्यवस्थापक (दुकानाचं नाव, नागदेवी स्ट्रीट, मुंबई). प्रत: कंपनीचा सर्व्हिस विभाग.

विषय: वॉरंटी काळात बंद पडलेल्या ५ एचपी सबमर्सिबल मोटरची संयुक्त तपासणी व बदली मिळणेबाबत.

महोदय, मी दि. १४ जानेवारी रोजी आपल्याकडून सदर सेट घेतला. बिल क्रमांक, मोटर व पंपाचे सीरियल नंबर खाली दिले आहेत, बिल व वॉरंटी कार्डाच्या प्रती जोडल्या आहेत. वॉरंटी १२ महिन्यांची आहे.

दि. १९ ऑक्टोबर रोजी रात्री साडेअकरा वाजता मी मोटर सुरू केली. तेव्हा मीटरवर ३९० व्होल्ट व ८.९ अँपिअर होते. मोटरच्या पाटीवर ९.५ अँपिअर आहे. सुमारे १५ मिनिटांनी स्टार्टर पडला. एकदा पुन्हा सुरू केला, लगेच पडला, त्यानंतर सुरू केलेला नाही. बोअरला पाणी ८० फुटांच्या आत असून मोटर ३०० फुटांवर होती. पॅनलमध्ये ओव्हरलोड रिले व सिंगल फेज प्रिव्हेंटर असून प्रिव्हेंटर तपासला असता चालू आहे. जूनपासूनच्या मीटरच्या नोंदींचे फोटो जोडले आहेत.

मोटर वर काढून, केबल जॉइंटच्या खाली वायर कापून घेतलेली रीडिंग: लाल-पिवळी ३.६, पिवळी-निळी २.९, लाल-निळी २.९ ओहम. मोटर बॉडीला शॉर्ट आहे. पंप हाताने मोकळा फिरतो. मोटर कोणीही उघडलेली नाही.

विनंती अशी की मोटर माझ्या किंवा माझ्या मुलाच्या उपस्थितीत उघडावी, वाइंडिंगचे फोटो व लेखी अहवाल द्यावा आणि वॉरंटीच्या अटींप्रमाणे मोटर विनामूल्य बदलून द्यावी. दावा नाकारायचा झाल्यास कारण लेखी कळवावे. पाण्याअभावी दोन एकर कांदा लागवडीचे नुकसान होत आहे, तरी हे पत्र मिळाल्यापासून १० दिवसांत तपासणीची तारीख द्यावी."

वाइंडरकाका

एकच बदल. "एकदा पुन्हा सुरू केला" हे ठेवलंत ते चांगलं केलंत. बरेच जण लपवतात, आणि जळालेल्या वाइंडिंगवर पाच-सहा वेळा स्टार्टर दाबल्याची खूण दिसते. मात्र "लगेच पडला" च्या पुढे "रिले ९.५ वर सेट होता" एवढं घाला. रिले वर चढवून ठेवलाय का, हे ते पहिलं विचारतील.

स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवा आणि दुकानात हातोहात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. दोन्ही करा.

रांगडा_कांदा (मुलुंड)

अपडेट देतोय, बारा दिवस झाले. पत्र दिलं त्या दिवशी दुकानातल्या माणसाने शिक्का मारायला का-कू केली, पण मालकाने वाचलं आणि म्हणाला "हे कोणी लिहून दिलं?". शिक्का मिळाला. मोटर एसटीच्या पार्सलने न आणता भावाच्या टेंपोतून आणली, पावतीवर दोन्ही नंबर आणि "न उघडलेली" असं लिहून घेतलं.

काल सर्व्हिसचा इंजिनियर आला आणि माझ्यासमोर उघडली. घाटकोपरवाले दादा स्वतः आले होते माझ्याबरोबर, त्यांचे आभार कसे मानू. आतलं कनेक्शन स्टार निघालं. निळ्या फेजचं एकाच स्लॉटच्या तोंडाशी हाताच्या अंगठ्याएवढं काळं, बाकी दोन फेज अगदी नव्यासारख्या पिवळ्या. इंजिनियरने फोटो काढले आणि अहवालात लिहिलं, "एका जागी इन्सुलेशन फेल, स्लॉटच्या तोंडाशी. पंप व बुश चांगले. सिंगल फेजिंग, ओव्हरलोड, ड्राय रनची खूण नाही." सही केली. पण कारणाच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही, म्हणाला निर्णय कंपनी देते. जाता जाता तोंडी म्हणाला की वीज पडून किंवा लाईनमध्ये झटका येऊनही असं होऊ शकतं.

कॉइल_घाटकोपर

मी बघितलं डोळ्यांनी. झटक्याने फुटलं तर बहुतेक वेळा केबल जिथून आत येते त्याच्या जवळच्या पहिल्या वेढ्यांत फुटतं. हे त्या बाजूला नव्हतं, स्टार पॉइंटच्या बाजूला होतं. पण नियम म्हणून सांगता येत नाही, अपवाद बघितलेत.

वाइंडरकाका

मीही बघितलेत. तरी स्लॉटच्या तोंडाशीच वायर भरताना घासते, आणि वीज पडली म्हणायचं तर १९ ऑक्टोबरच्या रात्री सिन्नरला आभाळ होतं का ते गाव सांगेल. दुसरं पत्र लहान करा, अहवालाचा नंबर द्या, त्यातली "खूण नाही" ही ओळ जशीच्या तशी उतरवा, आणि कारणाचा रकाना कोरा का ठेवला ते विचारा.

रांगडा_कांदा (मुलुंड)

अण्णांना विचारलं. म्हणाले आकाश निरभ्र होतं, चांदण्या दिसत होत्या, म्हणूनच बॅटरी न घेता पंपघरापर्यंत गेलो. शेजारच्या तीन मोटरी त्याच डीपीवर आहेत, त्या रात्री तिन्ही चालू होत्या आणि अजून चालू आहेत. त्या तिघांच्या सह्या घेतोय, आज रात्री दुसरं पत्र लिहून इथे टाकतो.